आठ महिन्यांनंतर: चार्ट अ‍ॅप चांगलंय, पण सोन्याच्या वायद्यातली ती खोटी उडी

वर्षाचे पैसे एकरकमी भरून हे चार्टिंग अ‍ॅप घेतलं. वेग आणि अलर्ट उत्तम आहेत. विरार लोकलच्या गर्दीतही एका हाताने वापरता येतं. तरीही मागच्या महिन्यात मी याला एकच तारा देणार होतो.

मी एमसीएक्स या वायदे बाजारात गोल्ड मिनीचा एकेक लॉट करतो. लॉट १०० ग्रॅमचा आणि भाव १० ग्रॅमचा, म्हणजे भाव एक रुपया हलला की दहा रुपयांचा फरक. महिन्यामहिन्याचे वायदे एकापुढे एक जोडून बनलेल्या कंटिन्युअस चार्टवर ७२,२०० हा जुना उच्चांक होता, तिथे अलर्ट लावला होता. एक्सपायरीच्या, म्हणजे जुना वायदा संपल्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अलर्ट वाजला. चार्ट ७१,८५० वरून थेट ७२,२९० वर. ब्रेकआउट झाला, म्हणजे भाव उच्चांक मोडून वर निघाला, असं समजून ७२,२९० ला लॉट विकत घेतला आणि ७२,०५० ला विकला. २,४०० रुपये गेले, खर्च वेगळा.

झवेरी बाजारात मात्र भाव जवळपास तिथेच होता. म्हणून त्या नव्या महिन्याच्या वायद्याचा स्वतंत्र चार्ट उघडला. तो आदल्या रात्री ७२,२७० ला बंद झाला होता. खरी वाढ २० रुपयांची, उरलेले ४२० दोन महिन्यांच्या वायद्यांमधलं अंतर. ७२,२०० तर या वायद्याने कधीच ओलांडलं होतं.

हे अंतर का असतं? सोनं आज घेऊन महिनाभर ठेवायचं तर पैशाचं व्याज, तिजोरीचं भाडं आणि विमा लागतो. तो खर्च पुढच्या महिन्याच्या भावात धरलेला असतो, म्हणून पुढचा वायदा बहुधा महाग. जुना संपला की अ‍ॅप पुढचा त्याला नुसता जोडून देतं. रोलओव्हर करून सौदा पुढच्या महिन्यात नेणाऱ्याच्या खात्यात हे ४२० कधीच येत नाहीत. तो ७१,८५० ला विकून ७२,२७० ला घेतो.

तक्रार केली. उत्तर आलं, सेटिंगमध्ये 'अ‍ॅडजस्ट' चालू करा. आधी चिडलो, मग करून पाहिलं आणि माझं मत बदललं. आधीचे सगळे भाव ४२० ने वर सरकले, उच्चांक ७२,६२० झाला आणि तो ब्रेकआउट नाहीसाच झाला. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजही सरळ झाली.

पण हे दर एक्सपायरीला होत असल्यामुळे वर्षभरापूर्वीचे भाव तिथे काही हजारांनी जास्त दिसतात. त्या भावाला सौदा कधी झालेलाच नाही. त्यावरून टक्केवारी काढली तर चुकते. म्हणून कल बघायला अ‍ॅडजस्ट केलेला चार्ट, आणि अलर्ट व स्टॉपलॉस चालू वायद्याच्या स्वतंत्र चार्टवर, असं मी ठरवलंय.

पाचपैकी तीन तारे. दोन कापले, कारण हे सेटिंग मुळात बंद असतं आणि वायदा बदलला त्या दिवशी चार्टवर साधी उभी रेघही नसते. ती रेघ दिली तर पुढच्या वर्षीही पैसे भरेन.