‘२०२३ चं मॉडेल आहे, ई२० चालतं’ असं सांगून गळ्यात मारलेली २०२२ ची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवणं, अपघात लपवणं हे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत, ते तपासूनच लोक जातात. आता त्यात नवा प्रकार आलाय आणि तो शंभर टक्के खऱ्या कागदांवर चालतो, म्हणून इतका राग येतो. पाच सीटची पेट्रोल हॅचबॅक. विक्रेत्याने किंमत सांगितली ५,६५,००० रुपये. तेच मॉडेल, तेवढंच रनिंग, दुसऱ्या ठिकाणी ५,२०,००० ला मिळत होतं, पण ते ‘२०२२ चं’ होतं. हे ‘२०२३ चं’, म्हणजे ई२० वर, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, बिनधास्त चालणारं. ४५,००० रुपये जास्त मोजले ते याच एका वाक्यासाठी.

आरसीवर नोंदणीची तारीख मे २०२३ होती. प्रदूषण मानक बीएस ६ होतं. पेट्रोलच्या झाकणावर आतून ‘ई२०’चं हिरवं स्टिकर होतं. तीन गोष्टी एकमेकींशी जुळत असताना माणूस आणखी काय संशय घेणार? आणि तरी त्याच आरसीवर एक चौथी ओळ होती: उत्पादनाचा महिना आणि वर्ष. ११/२०२२. गाडी नोव्हेंबरमध्ये कारखान्यातून निघाली, पुढचे काही महिने शोरूमच्या यार्डात उभी राहिली आणि मेमध्ये पहिल्या मालकाच्या नावावर चढली. आरसी हातात धरून तारीख, चेसिस नंबर, कर्जाचा बोजा सगळं वाचलं होतं. ती ओळ बोटाखालीच होती. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

त्या एका ओळीने एवढा फरक का पडतो? १ एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे इंधनाला लागणारे भाग २० टक्के इथेनॉल सोसतील असे द्यायचे, असं ठरलं होतं. ते बनण्याबद्दल आहे, नोंदणीबद्दल नाही. बीएस ६ म्हटल्यानेही काही सिद्ध होत नाही, कारण बीएस ६ तर एप्रिल २०२० पासूनच आहे. म्हणजे तीन वर्षं अशा बीएस ६ गाड्या बनल्या, ज्यांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल वापरा असं छापलेलं असू शकतं. काही कंपन्यांनी आपल्या त्याआधीच्या गाड्याही चालतात असं जाहीर केलंय, ते खरंही असेल. पण ते त्या कंपनीने त्या चेसिस नंबरसाठी सांगायला हवं, यार्डातल्या पोराने नव्हे.

मॅन्युअलवरून आठवलं. ग्लोव्हबॉक्समध्ये मॅन्युअल नव्हतं. ‘हरवलंय साहेब, पीडीएफ पाठवतो’, आणि पीडीएफ आली. त्यात ई२० चा स्पष्ट उल्लेख होता. ती त्याच मॉडेलच्या नंतरच्या वर्षाची आवृत्ती होती, हे पुढे कळलं. मॅन्युअल नसेल तर ते गाडीच्या उत्पादन-वर्षाचंच कंपनीकडून मागवा आणि त्यातलं ‘इंधन’ हे पान स्वतः वाचा. झाकणावरच्या स्टिकरला नख लावून बघा. कंपनीचं स्टिकर पातळ असतं, सरळ बसवलेलं असतं आणि झाकणाइतकंच जुनं दिसतं. आमच्या झाकणावरचं चकचकीत होतं आणि त्याच्या खालून दुसऱ्या कागदाची कड डोकावत होती. कोणत्या मिश्रणाला गाडी चालते ते कंपनीने ठरवायचं आणि गाडीवर दिसेल असं लावायचं, असा नियम २०२१ पासून आहे. त्याच नियमाचा वापर करून विक्रेत्यांनी स्टिकरं छापून घेतली आहेत.

व्यवहार झाल्यावर ‘आणखी सुरक्षित करून देतो’ म्हणून ई२० किटचे ७,८०० रुपये घेतले. किट म्हणजे पंपाचे आणि इंजेक्टरचे ओ-रिंग, सील, पाइप बदलायचे. वर ‘इथेनॉल प्रोटेक्शन’ची बाटली, १,३५० रुपये. बाटलीबद्दल इतकंच सांगतो: टाकीत ओतलेल्या कशानेही रबराची जात बदलत नाही. साधं नायट्राइल किंवा नैसर्गिक रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग सुकल्यावर भेगाळतं. टिकतं ते फ्लोरो-रबर, आणि ते बसवावं लागतं.

किट बसवलंच नव्हतं. हे ओळखता येतं. बहुतेक हॅचबॅकमध्ये पंप टाकीच्या आत असतो आणि मागच्या सीटची गादी उचलली की त्याचं झाकण दिसतं. किट बसवलं असेल तर झाकणाखालची गोल लॉक-रिंग फिरवलेली असते, तिच्यावर हत्याराच्या खुणा उमटतात आणि धूळ पुसली जाते. आमच्याकडे धुळीचा थर तसाच होता. काम करून घ्यायचंच असेल तर समोर उभं राहून करून घ्या, जुने सील पिशवीत घालून ताब्यात घ्या, आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. ‘किट – १ नग’ अशा बिलाला काही अर्थ नाही.

मग गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी दोन-तीनदा स्टार्टर मारावा लागायचा, चढावर गाडी दम तोडायची, इंजिनचा दिवा लागला. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी १४.२ वर आली. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘ई२० आहे ना साहेब, अ‍ॅव्हरेज पडणारच.’ इथे दुसऱ्यांदा फसवतात, म्हणून हिशेब नीट समजून घ्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवरून ई२० वर आलात तर साधारण ७ टक्के ऊर्जा कमी. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून आलेलो नाही. १० टक्के मिश्रण देशभर २०२२ मध्येच झालं होतं. ई१० वरून ई२० वर येताना फरक पडतो साडेतीन-चार टक्क्यांचा. १८ ची गाडी १७.३ च्या आसपास यावी. १४.२ म्हणजे २१ टक्के घट. एवढी घट इथेनॉलची नसते, ती बिघाडाची असते. ‘ई२० मुळे’ हे आता प्रत्येक आजारावरचं उत्तर झालंय आणि त्याच्या आड खरा दोष दडून राहतो.

दोष दिसला गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर. कोड होता P0171, म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. इंजिनचा संगणक ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन कमी-जास्त करत असतो आणि त्या दुरुस्तीची टक्केवारी लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणून नोंदवतो. ई१० साठी जुळवलेल्या ठणठणीत गाडीत ई२० भरलं तर तो आकडा चार-पाच टक्क्यांनी वर जातो, एवढं स्वाभाविक आहे. आमचा होता अधिक १८. संगणक जीव तोडून इंधन वाढवत होता आणि ते येतच नव्हतं. पंप उघडला तर त्याची जाळी काळ्या गाळाने भरलेली आणि सील फुगून बसलेला. दाब तिथेच मरत होता. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला थर इथेनॉल सोडवतं आणि तो जाळीत जमतो. गाडी यार्डात बराच काळ उभी असेल तर आणखी वाईट, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळाचंच ओढतो. पंप असेंब्ली ९,२००, इंजेक्टरची सफाई आणि सील २,४००, मजुरी १,५००. आधीचे ४५,०००, ७,८०० आणि १,३५० धरून एकूण ६७,२५० रुपये गेले.

म्हणून चाचणीला जाताना हजारभर रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर खिशात ठेवा. इंजिन गरम झाल्यावर ट्रिम बघा. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर ठीक. पण आकडा अगदी शून्याजवळ असेल आणि स्कॅनरवर ‘मॉनिटर’, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण दाखवत असतील, तर खूश होऊ नका. कोड नुकताच पुसलाय. पन्नासेक किलोमीटर चालवून परत बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर उठा.

आता दाद मागायचं. पोलीस चौकीत सांगितलं, ‘हे दिवाणी आहे.’ परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर सांगितलं, ‘आरसीवर उत्पादनाचा महिना छापलाय की, आम्ही काय लपवलंय?’ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटी संपल्याचं सांगून मॅन्युअल वाचा म्हणाले. पंपावर म्हणाले, सरकार देतं तेच पेट्रोल विकतो. तेही खोटं नाही. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय ठेवा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गास्केट २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्त काम आहे. स्वस्त कुणाला? सील स्वस्त असतो, तो ज्यात बसतो ती पंप असेंब्ली नव्हे, आणि बहुतेक ठिकाणी सुटा सील देतच नाहीत. एप्रिल २०२३ आधीच्या त्या तीन वर्षांतल्या आणि नंतरच्या गाड्या कागदावर एकाच नावाने, बीएस ६ म्हणून, पळतात. आरसीवर मिश्रणाची मर्यादा छापायला किती जागा लागते? एक ओळ. ती नाही, म्हणून हा धंदा चालतो. उरतो जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथे उपयोग होतो तो लेखी मजकुराचा, तोंडी आश्वासनाचा नव्हे.

नवी गाडी घेणाऱ्यांनीही एक प्रश्न नेमका विचारावा: इंजिन ई२० साठी जुळवलेलं आहे, की फक्त भाग ई२० सोसणारे आहेत? सरकारच्या इथेनॉल आराखड्यानुसार एप्रिल २०२३ ची पायरी भागांची होती आणि इंजिन जुळवण्याची एप्रिल २०२५ ची. सवलतीत मिळणारा मागच्या वर्षीचा स्टॉक असेल तर हा प्रश्न आधी.

एप्रिल २०२० आधीच्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीला संगणकच नसतो, त्यामुळे ती स्वतःला सावरून घेत नाही. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट, उघडल्यावर अडखळणं आणि प्लगचं टोक पांढरं, हे तिन्ही दिसलं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. गरजेप्रमाणे पायलट किंवा मेन जेट एक नंबर मोठा बसवून हे सुधारतं. पेट्रोलचा पाइप, फ्लोट-नीडल आणि बाउलचं गास्केट बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करा. महिनाभर उभी राहणार असेल तर बाउलचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका.

आणि पैसे देण्याआधी विक्रीच्या पावतीवर हे लिहून शिक्का घ्या: ‘चेसिस क्रमांक अमुक, उत्पादन महिना अमुक, निर्मात्याने मान्य केलेली इथेनॉलची कमाल मर्यादा अमुक टक्के.’ त्याआधी हाच चेसिस नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून उत्तर मागवा. आमच्या विक्रेत्याला हे वाक्य लिहायला सांगितलं असतं, तर त्याने ‘अमुक टक्के’च्या जागी २० कधीच लिहिलं नसतं.