झिंक 50 आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या : दहा महिन्यांनंतरचा अनुभव (पाचपैकी दोन तारे, तेही मॅग्नेशियमला)

मार्चमध्येच लिहिलं असतं तर मी पाच तारे दिले असते. केस गळायचे थांबले होते आणि मी जाऊबाईंनाही एक बाटली घेऊन दिली होती. बरं झालं तेव्हा लिहिलं नाही.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला, आठवड्याभरात उतरला. डिसेंबरच्या मध्यात केस गळू लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज मूठभर गुंतवळ. चकली तळताना एक केस पिठात दिसला तेव्हा मी घाबरलेच, धंदाच बसायचा. घरच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, झिंक कमी झालं असणार. शिवाय रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, त्यावर मॅग्नेशियम. ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “भाभीजी, फिफ्टी वाली ले जाओ, असर जल्दी होगा.” जानेवारीपासून सुरू केल्या. रक्त तपासलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही.

आधी झिंकबद्दल. रिकाम्या पोटी घेतली की अर्ध्या तासात मळमळायचं आणि तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव यायची. जेवणानंतर घेतली की त्रास नाही. मार्चअखेर केस थांबले आणि कपाळापाशी बारीक नवे केसही दिसू लागले. गोळीचा विजय! पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असेच झडतात आणि पुढच्या काही महिन्यांत आपोआप थांबतात. गोळी घेतली नसती तरी मार्च-एप्रिलमध्ये हेच झालं असतं. श्रेय मात्र तिला मिळालं, आणि म्हणून मी ती सोडली नाही.

जुलैपासून थकवा. सराफ्याच्या खाऊगल्लीत नणंदेच्या मुलांना घेऊन गेलो होतो, तर भुट्ट्याचा किस हातात घेऊन मी दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिले, पुढे चालवेना. ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन 9.8. डेंग्यूच्या आधी 12.4 होतं. एका दवाखान्यात लोहाच्या गोळ्या दिल्या, दोन महिने नेमाने घेतल्या. ऑक्टोबरमध्ये 8.9! लोह घेऊन कमी? त्याच सुमारास पायांची बोटं बधिर वाटू लागली, पातळ मोजे घातल्यासारखी. पांढऱ्या पेशी 2,600 आणि त्यातल्या न्यूट्रोफिल फक्त 800. बी-12 ठीक, फेरिटिन तर भरपूर, म्हणजे लोह साठ्यात होतं पण वापरलं जात नव्हतं. हाडातल्या मगजाची तपासणी करावी लागेल, असं बोलणं निघालं. ‘हे’ त्या रात्री झोपलेच नाहीत.

दुसऱ्या फिजिशियननी सुई टोचायच्या आधी एकच गोष्ट सांगितली. घरात जे काही खाताय, गोळी, पावडर, चूर्ण, सगळं पिशवीत घालून आणा. मी पिशवी टेबलावर ओतली आणि त्यांनी कागदावर बेरीज मांडली. झिंकची गोळी 50 मिलिग्रॅम. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8 मिलिग्रॅम, हे क्षाराचं वजन, त्यात प्रत्यक्ष झिंक साधारण 36 टक्के, म्हणजे 22.5. करोनापासून सवय लागलेली संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी, ती मी ‘क जीवनसत्त्व’ म्हणून खात होते, तिच्यातही 10. एकूण 82.5 मिलिग्रॅम, रोज, दहा महिने. बाईला दिवसाला झिंक लागतं 13.2 मिलिग्रॅम, आणि अन्न-गोळ्या सगळं धरून वरची मर्यादा मानतात 40. नुसती पन्नासची एक गोळीच ती ओलांडते.

मग त्यांनी जी तपासणी लिहिली ती झिंकची नव्हती, तांब्याची होती. रक्तातलं तांबं 28 निघालं (साधारण 70 च्या वर हवं), आणि तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन 8 (20 च्या वर हवं). झिंक मात्र दुथडी भरून वाहत होतं.

हे कसं होतं ते त्यांनी समजावलं, तसंच सांगते. आतड्याच्या अस्तराच्या पेशींकडे जास्त झिंक आलं की त्या धातू धरून ठेवणारं एक प्रथिन बनवू लागतात. बनतं ते झिंकमुळे, पण ते तांब्याला झिंकपेक्षा जास्त घट्ट धरतं. अन्नातलं तांबं त्या पेशींतच अडकतं, आणि त्या पेशी तर काही दिवसांनी झडून शौचावाटे जातातच. त्यांच्याबरोबर तांबंही जातं. तांब्याशिवाय साठ्यातलं लोह बाहेर निघून कामाला लागत नाही, म्हणून माझं फेरिटिन भरलेलं आणि हिमोग्लोबिन रिकामं. पांढऱ्या पेशी घटतात आणि पायांच्या नसांना बी-12 च्या कमतरतेसारखीच इजा होते. मगज तपासला असता तर कदाचित चित्र एखाद्या गंभीर रक्तविकारासारखं दिसलं असतं, असंही ते म्हणाले. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साचतं, तिथे डॉक्टर मुद्दाम झिंक देतात, 50-50 चे तीन डोस, याच कारणासाठी. म्हणजे मी तांबं काढून टाकायचं औषध केसांसाठी घेत होते.

सासूबाई म्हणाल्या, मग तांब्याच्या लोट्यातलं पाणी पीत जा. डॉक्टर हसले. म्हणाले, झिंक चालू असेल तर आत गेलेलं तांबं तसंच बाहेर पडणार, आधी झिंक बंद. तिन्ही गोळ्या बंद झाल्या आणि रोज 2 मिलिग्रॅम तांबं सुरू झालं, तेही त्यांच्या देखरेखीखाली. महिन्याभरात न्यूट्रोफिल जागेवर आल्या. हिमोग्लोबिन सहा आठवड्यांनी 10.6, तीन महिन्यांनी 12.1. लोहाची गोळी एकही नाही.

जाऊबाईंची बाटली त्याच दिवशी परत आणली. त्यांनी दोनच महिने घेतल्या होत्या, त्यांचे रिपोर्ट ठीक आले.

मग झिंकची खरी कमतरता नसतेच का? असते. तोंडाची चव जाते, जखमा भरत नाहीत, तोंडाभोवती आणि गुदाजवळ लाल चट्टे उठतात, जुलाब रेंगाळतात, मुलांची वाढ खुंटते. बिहारमध्ये जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद यांना इराणमध्ये वाढ खुंटलेले तरुण दिसले, मुख्यतः बिनखमिराच्या रोट्यांवर जगणारे, आणि तिथून 1960 च्या दशकात माणसातली झिंकची कमतरता जगाला कळली. लहान मुलांना जुलाबात ओआरएसबरोबर झिंक देतात ते योग्यच, पण ते 20 मिलिग्रॅम (सहा महिन्यांखाली 10) आणि 10 ते 14 दिवस. दिवस मोजून देतात, दहा महिने नाही.

मॅग्नेशियमचं थोडक्यात. पहिली बाटली ऑक्साइडची, 400 मिलिग्रॅमची. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे 240. ते शोषलं कमी जातं, बाकीचं आतड्यात पाणी ओढतं, आणि तिसऱ्या दिवशी मला ऑर्डर सोडून पळावं लागलं. दुसरी बाटली मॅग्नेशियम ग्लायसिनेटची घेतली, तिने पोट बरं राहिलं. गोळे? पहिल्या महिन्यात कमी वाटले, नंतर तेवढेच. पायाखाली उशी घेऊन पोटरी ताणायचा व्यायाम केल्यावर जास्त फरक पडला. दोन तारे त्या न बिघडलेल्या पोटाला. रक्तातलं मॅग्नेशियम आधी तपासलं असतं तर बरं झालं असतं, पण शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तात नसतो, त्यामुळे आकडा नॉर्मल आला तरी साठा भरलेला असेलच असं नाही. वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत, लघवीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांत, जुने जुलाब असणाऱ्यांत ते खरंच उतरतं, आणि मग पापणी फडफडते, स्नायू आखडतात, पोटॅशियम-कॅल्शियम दिलं तरी चढत नाही. सासूबाईंनी माझी गोळी मागितली होती. त्यांचं क्रिएटिनिन 2.1. किडनी काम करत नसली की जादाचं मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तदाब आणि नाडी मंदावू शकते. मी दिली नाही, पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं, फक्त बाटली संपायला आली होती.

आता गोळ्यांऐवजी मी काय खाते ते मोजून काढलं, आकडे अंदाजाचे. पाच पोळ्यांची कणीक, साधारण 150 ग्रॅम : झिंक 4 च्या वर, मॅग्नेशियम पावणेदोनशेच्या आसपास. वाटीभर घट्ट वरण, मुठीएवढे शेंगदाणे, दोन ग्लास दूध-दही : मिळून झिंक साडेचार-पाच, मॅग्नेशियम दीडशे-पावणेदोनशे. आणि लाल भोपळ्याच्या बिया, ज्या मी भाजीच्या वेळी वर्षानुवर्षं कचऱ्यात टाकत होते. सोललेल्या 30 ग्रॅम बियांत झिंक 2 मिलिग्रॅमच्या वर आणि मॅग्नेशियम 150 च्या आसपास. मॅग्नेशियम लागतं 370, ते सहज भरतं. झिंक 11 च्या घरात, थोडं कमी. धान्य-डाळींतलं फायटेट काही झिंक अडवतं, म्हणून मटकी रात्रभर भिजवून मोड आणते, आठवड्यातून दोनदा आंबवलेलं काही करते. भिजवण्याने, मोडाने, आंबवण्याने ते फायटेट तुटतं. सकाळच्या पोह्यांवर जिरावणाबरोबर भाजलेल्या तिळाची पूड टाकते. तिळात तांबंही असतं. सोललेल्या बिया दवा बाजारातल्या एका बाटलीपेक्षा महागच पडतात, हे मात्र कबूल.

केस पहिल्यासारखे आहेत. उजव्या पायाची बोटं आठ महिन्यांनंतरही पूर्ण जागी झालेली नाहीत. डॉक्टर म्हणाले, रक्त भरून येतं, नसांचं सांगता येत नाही. रात्री गच्चीवर कुरडया झाकायला जाते तेव्हा कठडा धरून जिना उतरते आणि आधी दिवा लावते.