सकाळची प्रेडनिसोलोन, संध्याकाळची साखर: पाच दिवसांसाठी औषधात काय बदलावे?

दम्याचा किंवा श्वासनलिकांच्या जुन्या विकाराचा जोर अचानक वाढला, की प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅम, रोज सकाळी एकदा, पाच दिवस असा स्टिरॉइडचा छोटा कोर्स अनेकदा दिला जातो. रुग्णाला मधुमेह असेल, तर श्वास मोकळा होत असतानाच साखर चढू लागते, आणि या पाच दिवसांपुरते मधुमेहाच्या औषधात काही बदलावे की बदलू नये, हा प्रश्न उभा राहतो. टाइप 2 मधुमेह असलेल्या आणि केवळ गोळ्यांवर असलेल्या व्यक्तीपुढे अशा वेळी चार पर्याय असतात. निर्णय अर्थात उपचार करणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे, पण या पर्यायांतला फरक आधी माहीत असला, तर ते बोलणे नेमके होते.

पर्यायांची तुलना करण्यापूर्वी साखर नेमकी केव्हा चढते, हे पाहायला हवे, कारण निवड त्यावरच ठरते. स्टिरॉइडमुळे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, यकृत अधिक साखर तयार करते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्याचे प्रमाणही काहीसे घटते. सकाळी आठ वाजता घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा परिणाम साधारण चार ते आठ तासांनी जोर धरतो, बारा ते सोळा तास टिकतो आणि रात्रीतून ओसरतो. त्यामुळे दुपारच्या जेवणापासून आलेख चढू लागतो, संध्याकाळी शिखर गाठतो, आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासलेली साखर मात्र जवळजवळ नेहमीसारखीच दिसते. फक्त सकाळी तपासायची सवय असलेला माणूस इथे फसतो. 130 चा आकडा पाहून तो निर्धास्त राहतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याची साखर 300 च्या पुढे गेलेली असते. एकच तपासणी करणे शक्य असेल, तर ती रात्रीच्या जेवणाआधी करावी.

हे सारे सकाळी एकदाच घेतलेल्या प्रेडनिसोलोनबद्दल आहे. गोळी सकाळ-संध्याकाळ विभागून घेतली, तर रात्रीची आणि पहाटेची साखरही वर राहते. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टिरॉइडचा परिणाम दीड दिवसाहून अधिक टिकत असल्याने त्यात उपाशीपोटीचा आकडाही चढतो. म्हणून पूर्ण मात्रा सकाळी एकदम घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आलेखाचा आकार ठरलेला असला की उपचार बसवणे सोपे जाते.

पहिला पर्याय: औषध तेच ठेवून फक्त लक्ष ठेवणे

स्टिरॉइडची मात्रा कमी असेल, कोर्स तीन ते पाच दिवसांचा असेल आणि संध्याकाळची साखर 215 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली राहत असेल, तर काहीही न बदलणे हा पूर्णपणे योग्य निर्णय ठरू शकतो. याला हलगर्जीपणा समजू नये. चार-पाच दिवस चढलेल्या साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीवर फारसा परिणाम होत नाही, आणि औषध न वाढवल्याने साखर अती उतरण्याचा धोकाही ओढवत नाही. अट एवढीच, की दिवसातून निदान दोनदा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी, साखर तपासली जायला हवी. संध्याकाळचे आकडे सलग दोन दिवस 215 च्या वर राहिले, किंवा तहान आणि लघवी वाढली, तर हा पर्याय तिथेच सोडावा.

दुसरा पर्याय: सकाळची गोळी वाढवणे

गोळ्यांपैकी या परिस्थितीत वेळेवर उपयोगी पडतो तो सल्फोनिलयुरिया गट, म्हणजे ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड आणि त्यांच्या जातीची औषधे. मेटफॉर्मिन चालू ठेवतात, पण त्याची मात्रा वाढवल्याचा परिणाम दिसेपर्यंत कोर्स संपलेला असतो. ग्लिप्टिन गटातील गोळ्यांचा जोर एवढ्या चढाला सहसा पुरत नाही. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन आधीपासून चालू असेल, तर तीव्र आजारात, विशेषतः खाणे-पिणे कमी झाले असताना, ते थांबवायचे का हे लगेच विचारावे. या औषधांवर असताना साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते.

सल्फोनिलयुरिया गटात वेळेच्या हिशेबाने साधे ग्लिक्लाझाइड अधिक बरे बसते, कारण सकाळी घेतलेल्या मात्रेचा जोर दिवसा राहतो आणि रात्री ओसरतो. ग्लिमेपिराइडचा परिणाम चोवीस तासांपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे दुपारसाठी वाढवलेली गोळी पहाटेही काम करत राहते, आणि पहाटे तर स्टिरॉइड ओसरलेले असते. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल, तर हा धोका गांभीर्याने घ्यायला हवा. संध्याकाळची साखर 220 ते 270 च्या दरम्यान असून इंजेक्शन घेणे खरोखरच शक्य नसेल, तर हा पर्याय चालतो. 300 च्या पुढे गेलेली साखर केवळ गोळी वाढवून खाली येईल, अशी आशा मी ठेवणार नाही.

तिसरा पर्याय: सकाळी एनपीएच इन्सुलिन

एनपीएच हे जुने, गढूळ दिसणारे, मध्यम कालावधीचे इन्सुलिन आहे. त्याचा जोर चार ते दहा तासांच्या दरम्यान असतो आणि ते बारा ते अठरा तास टिकते. हा आलेख प्रेडनिसोलोनच्या आलेखावर ठेवून पाहिला, तर दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात, म्हणूनच नवी इन्सुलिने आली तरी या कामासाठी एनपीएचचे स्थान टिकून आहे. ते गोळीबरोबरच सकाळी घ्यायचे, आणि ज्या दिवशी प्रेडनिसोलोन नाही, त्या दिवशी हे इन्सुलिनही नाही, असा साधा नियम ठेवता येतो.

मात्रेचा रूढ हिशेब असा, की प्रेडनिसोलोनच्या प्रत्येक 10 मिलिग्रॅममागे वजनाच्या दर किलोला 0.1 युनिट, आणि 40 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेला कमाल 0.4 युनिट. वृद्धांना, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि घरी पहिल्यांदाच इन्सुलिन घेणाऱ्यांना याहून बरीच कमी मात्रा देऊन सुरुवात करतात. अनेक ठिकाणी सरसकट 10 युनिटने सुरुवात करून रोज 10 ते 20 टक्क्यांनी वाढवत नेतात.

यात चूक होते ती बहुधा हातून. कुपी किंवा पेन काही वेळ स्थिर राहिले, की पांढरा साका खाली बसतो आणि वर जवळजवळ स्वच्छ द्रव राहतो. तसेच टोचले, तर एका दिवशी मात्रा कमी जाते आणि दुसऱ्या दिवशी जास्त. दोन तळहातांत दहा वेळा हळू लोळवून आणि दहा वेळा उलटसुलट करून द्रव एकसारखा दुधाळ झाला, मगच टोचावे. जोरात हलवू नये, फेस होतो आणि बुडबुड्यांमुळे मात्रा चुकते.

चौथा पर्याय: रात्री ग्लार्जिन

दिवसाला एक टोचणी आणि सपाट परिणाम या गुणांमुळे ग्लार्जिन हे दीर्घ कालावधीचे इन्सुलिन सुचवले जाणे साहजिक आहे, परंतु इथे तोच सपाटपणा आड येतो. संध्याकाळचे शिखर खाली आणायला पुरेल एवढी मात्रा घेतली, तर ती पहाटे चार वाजता जास्त होते, आणि पहाटेसाठी सुरक्षित मात्रा घेतली, तर संध्याकाळची साखर फारशी हलत नाही. शिवाय मात्रा बदलल्यावर पूर्ण परिणाम स्थिरावायला दोन ते चार दिवस लागतात, म्हणजे ताळमेळ बसेपर्यंत कोर्स संपत आलेला असतो. सकाळच्या प्रेडनिसोलोनच्या पाच दिवसांच्या कोर्ससाठी हा पर्याय मी सर्वांत शेवटी ठेवीन. डेक्सामेथासोनची गोष्ट वेगळी आहे, तिथे दिवसरात्र चढलेल्या साखरेला दीर्घ कालावधीचे इन्सुलिन जुळू शकते.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, 62 वर्षांच्या, 70 किलो वजनाच्या एका बाई मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम घेतात. मूत्रपिंड ठीक आहे. दम्यासाठी त्यांना प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅम पाच दिवस दिले आहे. पहिल्या दिवशी उपाशीपोटी 126, दुपारच्या जेवणाआधी 178 आणि रात्रीच्या जेवणाआधी 296 असे आकडे येतात. दुसऱ्या दिवशी ते अनुक्रमे 134, 201 आणि 338 होतात. लक्ष ठेवण्याचा पर्याय इथे संपला, आणि 338 साठी गोळी वाढवणेही पुरेसे नाही.

नियमाने एनपीएचची मात्रा 0.4 गुणिले 70, म्हणजे 28 युनिट येते. पण इन्सुलिन त्यांच्यासाठी नवे आहे, ग्लिमेपिराइड चालूच आहे आणि तीनच दिवस उरले आहेत, म्हणून निम्म्याने, म्हणजे 14 युनिटने सुरुवात होते. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी 262 येते. चौथ्या दिवशी 16 युनिट घेतल्यावर 219, आणि पाचव्या दिवशी 18 युनिटवर 186. या सगळ्या काळात उपाशीपोटीची साखर 120 ते 140 मध्येच फिरते, म्हणजे रात्रीसाठी काही जोडायची गरज नव्हती. आकडे 110 ते 180 च्या पट्ट्यात आणण्याचा हेतू असतो, आणि इतक्या थोड्या दिवसांत 200 च्या आसपास पोचले तरी काम झाले असे धरतात.

सहाव्या दिवसाची सकाळ कोर्समधल्या कोणत्याही दिवसापेक्षा अधिक नाजूक असते. प्रेडनिसोलोन संपले आहे, पण काल 18 युनिटवर आकडा छान आला म्हणून आजही हात आपोआप पेनकडे जातो. त्या दिवशी एनपीएच घेतले, तर दुपारी घाम, थरथर आणि गोंधळ सुरू होण्याची दाट शक्यता असते. वाढवलेल्या ग्लिमेपिराइडचेही तसेच. म्हणून बदलाच्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, वाढीव औषध कोणत्या तारखेला थांबवायचे ते लिहून घ्यावे, आणि त्यानंतर दोन दिवस साखर तपासत राहावे. स्टिरॉइड एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने कमी होत असेल, तर इन्सुलिनही त्याच प्रमाणात प्रत्येक टप्प्याला उतरवावे लागते.

जे आधीपासून इन्सुलिनवर आहेत

त्यांना वरचे चार पर्याय जसेच्या तसे लागू होत नाहीत. 30/70 मिश्र इन्सुलिन दोन वेळा घेणाऱ्यांची सकाळची मात्रा वाढवतात आणि रात्रीची शक्यतो तशीच ठेवतात. जेवणागणिक इन्सुलिन घेणाऱ्यांत वाढ मुख्यतः दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मात्रेत करतात. टाइप 1 मधुमेहात साखर चढली, की कीटोनही तपासावे लागतात. कोणत्याही प्रकारात उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात टिकेना, गुंगी आली किंवा मीटर आकड्याऐवजी नुसतेच ‘जास्त’ असे दाखवू लागला, तर घरी मात्रा जुळवत न बसता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.