नऊ बाय नऊ की चार बाय चार? हळदीच्या चार फोटोंचा पीसीए

मार्केट यार्डातून आणलेल्या हळदीचे फोटो काढायचे आणि लांबट हळकुंड कुठलं, गोल गड्डा कुठला हे कॉम्प्युटरनं सांगायचं, हा प्रोजेक्ट सांगलीत दरवर्षी कुणीतरी घेतंच. मग पोरं विचारतात, "सर, पिक्सेलचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स काढू, की फोटोंचा छोटा मॅट्रिक्स?" फोटो एकमेकांपासून सगळ्यांत जास्त कुठल्या दिशांनी वेगळे पडतात ते पीसीए शोधतं; त्या दिशा म्हणजे आयगन व्हेक्टर, आणि त्या दिशेनं फरक किती ते आयगन व्हॅल्यू सांगते. पिक्सेलचा मॅट्रिक्स ही मोठी वाट, फोटोंचा ही छोटी. दोन्हीतून शेवटी कामाचे आयगन व्हेक्टर तेच मिळतात. तरी मी स्वतः आधी मोठ्या वाटेनं गेलो आणि परत फिरलो. का, ते सांगतो.

खेळण्यातलं उदाहरण घेऊ. तीन बाय तीनचे चार फोटो, कोपरे कायम शून्य. उरलेले पाच पिक्सेल वर, डावा, मधला, उजवा, खाली या क्रमानं लिहितो. हळकुंडं (०,८,८,८,०) आणि (०,६,६,६,०). गड्डे (६,८,८,८,६) आणि (६,६,६,६,६). सरासरी येते (३,७,७,७,३). ती प्रत्येकातून वजा करायची.

मोठ्या वाटेनं ९×९ चा मॅट्रिक्स होतो. फोटो चार, म्हणून एक कमी करून तीननं भागल्यावर त्याच्या आयगन व्हॅल्यू २४ आणि ४, बाकी सात शून्य. छोट्या वाटेनं फोटोंचे आपापसातले गुणाकार करून ४×४ चा मॅट्रिक्स होतो. त्याच्या आयगन व्हॅल्यू ७२ आणि १२, बाकी दोन शून्य. ७२ ला ३ नं भागा, २४ च येतात. पहिला व्हेक्टर आकार पकडतो (वरचा-खालचा पिक्सेल), दुसरा मधल्या ओळीचा उजेड. नशिबानं इथं आकार वरचढ ठरला. खऱ्या फोटोंत सावली जास्त पडली, तर हाच क्रम उलटू शकतो.

छोट्या वाटेला एक खोड आहे, ती लपवत नाही. ४×४ मधून आलेला व्हेक्टर फोटोंवर लावला की पिक्सेलचा व्हेक्टर मिळतो, पण त्याची लांबी १ नसते. इथं ती ८.४९ आणि ३.४६ येते, म्हणजे आयगन व्हॅल्यूचं वर्गमूळ. त्या लांबीनं भागायला विसरलात तर आकाराच्या दिशेचं अंतर उगाच फुगतं. या उदाहरणात निकाल बदलत नाही, म्हणून चूक लपून राहते. खालच्या कोडात X चा प्रत्येक स्तंभ म्हणजे एक फोटो.

```
A = X - X.mean(axis=1, keepdims=True)
w, V = np.linalg.eigh(A.T @ A)
U = A @ V[:, [-1, -2]] / np.sqrt(w[[-1, -2]])
```

आता नवा फोटो: (५,९,९,९,३). सरासरी वजा करून प्रोजेक्शन काढलं तर −१.४१ आणि ३.४६. हळकुंडांचं केंद्र (४.२४, ०), गड्ड्यांचं (−४.२४, ०). तुमच्याकडं व्हेक्टरचं चिन्ह उलटं आलं तरी अंतरं तीच राहतात. हळकुंडापासून अंतर ६.६३, गड्ड्यापासून ४.४७. गड्डा ठरला. इथवर दोन्ही वाटा सारख्याच.

माझं मन फिरलं ते पुढच्या प्रकारामुळं. मोठ्या वाटेवर मी सवयीनं तीन व्हेक्टर ठेवले होते. तिसरा होता त्या सात शून्यवाल्यांपैकी. आयगन व्हॅल्यू शून्याच्या आसपास, कधी दहाचा उणे सोळावा घात वगैरे. पण व्हेक्टर मात्र पूर्ण लांबीचा, साळसूद. सात शून्यं असली की त्यांच्यातला कुठलाही व्हेक्टर चालतो, त्यामुळं लायब्ररी बदलली की तो बदलतो. शिकवायच्या चारही फोटोंचं त्यावरचं प्रोजेक्शन शून्य, म्हणून कुणाला संशय येत नाही. नव्या फोटोचं मात्र शून्य नसतं. वरच्या फोटोत त्यानं अंतराच्या वर्गात ० ते २ मधली कुठलीही भर पडू शकते. म्हणजे ४.४७ च्या जागी ४.६९ पर्यंत काहीही.

भर दोन्ही वर्गांना सारखीच पडते, त्यामुळं गड्डा गड्डाच राहतो. पण किमान अंतराचा क्लासिफायर शेंगदाण्यालाही हळदीचं काहीतरी ठरवतोच, म्हणून मी ४.६ च्या पुढं "ही हळदच नाही" अशी मर्यादा घातली होती. लॅबच्या मशीनवर गड्डा पास, घरच्या लॅपटॉपवर तोच फोटो नापास. दोन संध्याकाळी मी कॅमेऱ्यालाच दोष देत बसलो.

छोट्या वाटेवर असला व्हेक्टर आपोआप उघडा पडतो. शून्यवाला व्हेक्टर फोटोंवर लावला की लांबीच जवळजवळ शून्य येते, भागायला गेलात की आकडे वेडेवाकडे होतात. लगेच कळतं. तशीही n फोटोंतून सरासरी वजा केल्यावर n−१ पेक्षा जास्त खरे व्हेक्टर निघत नाहीत. इथं तर दोनच निघाले.

मोठी वाट टाकाऊ आहे असं नाही. पिक्सेल नऊ आणि फोटो पाचशे असतील तर ९×९ हाच छोटा मॅट्रिक्स, तोच घ्या. पण फोटो १००×१०० चे आणि मोजून चार असतील, तर मोठ्या वाटेनं दहा कोटी आकडे, म्हणजे ८०० एमबी नुसता मॅट्रिक्स. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलँड या संशोधकांनी चेहरे ओळखण्यासाठी छोटीच वाट धरली होती. मी तरी मोजके फोटो असले की ४×४ नंच सुरुवात करतो, आणि `U.T @ U` छापून कर्णावर १ आले का तेवढं बघतो.