फ्लँजर-कोरस पेडल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेळगाव शहर आणि खानापूर तालुक्यातील गावांत भजनांच्या व वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांना कीबोर्डची साथ करताना हे पेडल मी काही महिन्यांपासून वापरत आहे. एकाच डब्यात फ्लँजर व कोरस असे दोन्ही परिणाम आहेत आणि डिले, डेप्थ, रेट, मिक्स व फीडबॅक हे पाच नॉब आहेत. आवाजाची गुणवत्ता किमतीच्या मानाने चांगली आहे. मात्र आत काय चालते हे लक्षात घेतल्याशिवाय हे पेडल नीट वापरता येत नाही.

पेडल मूळ आवाजाची एक प्रत काही मिलिसेकंद उशिरा सोडते आणि ती मूळ आवाजातच मिसळते. ज्या स्वरघटकाची प्रत उशिरामुळे बरोबर अर्ध्या आवर्तनाने मागे पडते, तो मूळ घटकाच्या विरुद्ध जाऊन नाहीसा होतो. जो पूर्ण आवर्तनाने मागे पडतो, तो दुप्पट जोराचा होतो. उशीर १ मिलिसेकंद असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्‌झ अशा समान अंतरावर घटक नाहीसे होऊन खाचा पडतात आणि आलेख कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. डेप्थ आणि रेट हे नॉब हा उशीर हळूहळू कमी-जास्त करतात, त्यामुळे खाचा वर-खाली सरकतात आणि फ्लँजरचा तो ओळखीचा झोत ऐकू येतो.

माझ्या कामाचे उदाहरण देतो. काळी एकचा षड्ज सुमारे २७७ हर्ट्‌झचा आणि त्याचा पंचम सुमारे ४१५ हर्ट्‌झचा असतो. हार्मोनियमच्या टोनवर हे दोन स्वर धरून ठेवले आणि उशीर १.८ मिलिसेकंदांवर आला, की पहिली खाच जवळजवळ २७८ हर्ट्‌झवर पडते. षड्जाचा मूळ घटक आणि त्याचे तिपटीचे, पाचपटीचे घटक दबतात, सम पटींचे तेवढे उरतात, म्हणून षड्ज पोकळ आणि एक सप्तक वर गेल्यासारखा वाटतो. पंचमाचा मूळ घटक मात्र सुखरूप असतो. उशीर ३.६ मिलिसेकंदांपर्यंत वाढला की नेमके उलटे होते : षड्जाचे सर्व घटक भरून येतात आणि ४१७ हर्ट्‌झच्या आसपासची खाच पंचमाला गाठते. म्हणजे बोटे न हलवता षड्ज आणि पंचम आळीपाळीने पुढे येत राहतात. संथ गजराच्या मागे हे फार सुंदर लागते. परंतु गायकाला सूर देण्याच्या क्षणी हा परिणाम बंदच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बासरीच्या टोनवर फ्लँजर जवळजवळ निरुपयोगी ठरला. बासरीत मूळ घटकच प्रबळ असल्यामुळे खाच त्यावरून सरकली की स्वराचा पोत बदलत नाही, फक्त आवाज लहान-मोठा होतो. ऑर्गन, तंतुवाद्यांचा समूह किंवा डिस्टॉर्शन लावलेली गिटार यांत वरचे घटक दाट असतात, म्हणून तेथेच त्याचे खरे रूप दिसते.

या पेडलमधील एक उणीव मला अजूनही खटकते. यात उशीर एकसारख्या गतीने बदलतो, पण खाचेची जागा उशिराच्या व्यस्त प्रमाणात असते. उशीर ५ वरून ४ मिलिसेकंद होताना पहिली खाच १०० वरून १२५ हर्ट्‌झवर जाते. २ वरून १ होताना मात्र ती २५० वरून थेट ५०० वर, म्हणजे पूर्ण सप्तकभर उडी घेते. परिणामी झोत खाली रेंगाळतो आणि वर घाईने निघून जातो. रेट अगदी कमी ठेवून आणि डेप्थ आखडती घेऊन मी हे सांभाळतो.

कोरसच्या बाजूला उशीर २० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. तेथे खाचा फक्त ५० हर्ट्‌झच्या अंतराने येतात आणि इतक्या दाटीत कान त्यांचा वेगळा मागोवा घेत नाही. उशीर बदलत असल्यामुळे प्रतीचा सूर किंचित चढतो-उतरतो, तेच प्रामुख्याने ऐकू येते आणि दोन वादक एकत्र वाजवत असल्याचा भास होतो. उशीर दोन्ही बाजूंना २ मिलिसेकंदांनी आणि अर्ध्या हर्ट्‌झच्या गतीने हलवला तर सूर जास्तीत जास्त ११ सेंट, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे नवव्या भागाने, सरकतो, जे खपून जाते. त्याच डेप्थवर रेट ३ हर्ट्‌झ केला तर सरकणे ६५ सेंटच्या घरात जाते आणि साथ सरळ बेसूर वाटते. मिक्स पूर्ण ओल्या बाजूला नेला की मूळ आवाजच उरत नाही, खाचा नाहीशा होतात आणि केवळ सुराचा कंप राहतो. पेडल योग्य चालते आहे का, हे तपासण्याची ही सोपी युक्ती आहे.

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडपातील ध्वनिव्यवस्था बहुधा मोनो असते, आणि तेथे या पेडलचे दोन्ही आउटपुट एकत्र जोडू नयेत. एका बाजूला प्रत जशीच्या तशी आणि दुसऱ्या बाजूला उलटी करून मिसळलेली असल्यामुळे दोन्ही बाजू जोडल्या की प्रती एकमेकींना खोडतात आणि कोरस गायब होतो. मी डावा आउटपुट एकटाच देतो. फीडबॅकचा नॉबही मायक्रोफोनवर घेतलेल्या हार्मोनियमसाठी शून्याजवळ ठेवावा, कारण तो वाढवला की खाचांमधले उंचवटे टोकदार होतात आणि झोत एखाद्या उंचवट्यावरून जाताना माइक शिट्टी मारू लागतो.