नाकावरची गाठ: नेहमीचं ऑपरेशन की मोज?

समजा, नाकपुडीच्या कडेला ८ मिलिमीटरची काळसर, चकाकणारी गाठ आहे. सावळ्या त्वचेत बेसल सेल कॅन्सर बऱ्याचदा असाच काळा दिसतो, म्हणून लोक वर्षानुवर्षं त्याला तीळ समजतात. बायोप्सी झाली, निदान पक्कं झालं. आता काढायची कशी?

नेहमीच्या ऑपरेशनमध्ये गाठीभोवती साधारण ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढतात, म्हणजे जखम १६ मिलिमीटरची. पाठीवर ती सहज शिवली जाते; नाकपुडीवर तेवढी जागाच नसते. शिवाय पॅथॉलॉजिस्ट तुकड्याचे पावासारखे उभे काप करून त्यातले मोजकेच पाहतो, त्यामुळे कडेचा जेमतेम एक टक्का भाग तपासला जातो. कॅन्सरचं एखादं मूळ दोन कापांच्या मधून गेलं असेल, तर रिपोर्ट ‘कडा मोकळ्या’ असा येतो आणि काही वर्षांनी गाठ त्याच व्रणात परत उगवते.

मोज नावाच्या पद्धतीत आधी एक-दोन मिलिमीटरच कड घेतात. तुकडा गोठवून त्याची पूर्ण कड आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जिथे पेशी उरल्या असतील, फक्त तिथूनच पुढचा थर काढतात. भूल स्थानिकच असते, पण प्रत्येक फेरीला तासभर लागतो. अख्खा दिवस जाऊ शकतो. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या, पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल गाठींवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. दहा वर्षांत मोजनंतर ४.४ टक्के गाठी परतल्या, नेहमीच्या ऑपरेशननंतर १२.२ टक्के.

म्हणून नाक, पापणी, ओठ, कान किंवा परत आलेली गाठ असेल, तर मी मोजकडेच झुकेन. पाठीवरच्या छोट्या गाठीसाठी ते वेळ आणि पैसे वाया घालवणं आहे. आपल्याकडे मोज शिकलेले डॉक्टर मोजकेच आहेत. जवळ सोय नसेल, तर मधला मार्ग असतो: गाठ काढून जखमेवर नुसती पट्टी बांधायची, सगळ्या कडांचा पक्का रिपोर्ट काही दिवसांत आला की मगच फ्लॅप, म्हणजे शेजारची त्वचा फिरवून जखम झाकणं, किंवा त्वचारोपण करायचं. उघडी जखम घेऊन थांबणं कंटाळवाणं असतं, पण घाईनं फ्लॅप फिरवल्यावर कड बाधित निघाली तर उरलेला कॅन्सर नेमका कुठे आहे हेच कळत नाही.

स्क्वेमस सेल या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरचा हिशेब थोडा वेगळा आहे. बेसल सेल सहसा दूर पसरत नाही. स्क्वेमस सेल पसरू शकतो, विशेषतः ओठ आणि कानावरून. वर्षानुवर्षं साठत गेलेलं ऊन हे त्याचं मोठं कारण, पण आपल्याकडे तो जुन्या भाजल्याच्या व्रणातही होतो. तिथे न भरणारी जखम दिसली, तर मलमं लावत बसू नका, बायोप्सी करा. आणि ऑपरेशन कुठलंही ठरो, डॉक्टरांनी मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिका गाठी हातानं चाचपल्या का, हे आधी बघा. मोजमध्ये कड मोकळी आली तरी तिथे पोचलेल्या पेशी त्या तुकड्यात दिसत नाहीत.