हिज, हिज ऑर हर, की देअर? इंग्रजी लिहिताना काय निवडायचं

ऑफिसच्या लीव्ह पॉलिसीचा इंग्रजी ड्राफ्ट करत होतो आणि 'ईच एम्प्लॉयी मस्ट सबमिट' पर्यंत येऊन अडकलो, कारण पुढे हिज फॉर्म, हिज ऑर हर फॉर्म की देअर फॉर्म?

हिज छोटं आहे आणि जुन्या सरकारी इंग्रजीची सवय असलेल्यांना तेच बरोबर वाटतं. ब्रिटिश पार्लमेंटने 1850 मध्ये कायदाच केला की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत बायकाही आल्या असं धरायचं. पण आमच्याच ड्राफ्टमध्ये दोन पानं पुढे मॅटर्निटी लीव्हसाठी 'हिज' आलं आणि सगळे हसले, तिथेच ते बाद!

हिज ऑर हर एकदा चालतं. पण 'ही ऑर शी मस्ट इन्फॉर्म हिज ऑर हर मॅनेजर बिफोर ही ऑर शी लीव्हज' वाचून बघा, दम लागतो, शिवाय ज्यांना ही पण नको आणि शी पण नको ते राहतातच बाहेर.

आता देअर. 'एकाला अनेकवचन कसं?' हा आक्षेप नेहमीचा, पण हा वापर 1375 च्या आसपासच्या इंग्रजीत सापडतो, आणि शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये तर मला भेटणारा एकही 'मॅन' असा नाही की जो मी 'देअर' ओळखीचा मित्र असल्यासारखा मला सलाम करत नाही, असं वाक्य आहे, म्हणजे समोर चक्क मॅन असूनही देअर! यू पण मुळात अनेकवचनीच, एकट्यासाठी दाऊ होतं, तरी आज एकाच माणसाला यू आर म्हणताना कुणी अडत नाही. आपण तरी काय करतो, दारावर थाप पडली की बाई की पुरुष माहीत नसतं म्हणून 'कोण आलंय?' असं नपुंसकलिंगी विचारतो, नवरा-बायको आले तर 'ती दोघं आली', आणि एकट्या सरांना 'ते आले'. (आपल्याकडे अनेकवचन आदराचं आहे, इंग्रजीत तसं नाही, एवढा फरक.)

देअर घेतलंत तर क्रियापद अनेकवचनीच ठेवा, माणूस एक असला तरी दे आर, दे इज नाही. खरी अडचण वेगळीच आहे. 'इफ अ पेशंट टेल्स द नर्सेस दे आर इन पेन', आता दुखतंय कोणाला, पेशंटला की नर्सेसना? वाक्यात दुसरं अनेकवचन आलं की हा घोळ होतो, तिथे सरळ 'द पेशंट इज इन पेन' असं नाम परत लिहा.

माझं मत, ईमेल, फॉर्म, पॉलिसी, रिसर्च पेपर, सगळीकडे देअर. रिसर्चवाल्यांनी घाबरू नये, रिसर्च पेपर लिहिण्याची नियमावली असलेल्या एपीए स्टाइलने 2019 च्या सातव्या आवृत्तीत हा वापर मान्य केलाय. करारनाम्यात मात्र नामच परत लिहा, 'द टेनंट' दहादा आलं तरी चालेल पण भाडं कोणी भरायचं यावर वाद नको. आणि एखाद्या माणसाने स्वतःहून ही किंवा शी सांगितलं असेल तर तेच वापरा, तिथे दे घुसवू नका.

आमच्या पॉलिसीत शेवटी 'ऑल एम्प्लॉयीज मस्ट सबमिट देअर फॉर्म्स' झालं, कारण बॉसना 'ईच' सोबत देअर काही पचेना. पण मग एकाने विचारलंच, प्रत्येकाने किती फॉर्म द्यायचेत?